ॲप म्हणजे औषधाचे दुकान नव्हे

औषधे ऑनलाइन मागवण्याबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की मोठ्या ॲपला सरकारचा खास परवाना असतो आणि म्हणून तेथून येणारी प्रत्येक गोळी आपोआप खात्रीची ठरते. वास्तविक ई-फार्मसीच्या वेगळ्या नोंदणीची तरतूद केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मसुद्यातच राहिली. कायद्याच्या दृष्टीने औषध विकतो तो ॲपमागचा दुकानदार, आणि त्याच्याकडे औषधे नियम, १९४५ नुसार नमुना २० व २१ मधील किरकोळ विक्रीचे परवाने असावे लागतात. त्यामुळे ग्राहकाने जाहिरातीऐवजी बिल वाचावे: त्यावर दुकानाचे नाव, पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल, तर औषध कोणी विकले याचा पुरावाच उरत नाही.

सेफिक्झिम या प्रतिजैविकाच्या दहा गोळ्यांच्या पट्टीतून सहाच गोळ्या मागवल्या, तर पट्टी कापली जाते आणि बॅच क्रमांक व मुदत छापलेले टोक बहुधा दुकानातच राहते. अशा वेळी बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत दोन्ही नसतील, तर त्या गोळ्या घेऊ नयेत. पट्टी अखंड असेल, तर तिच्यावरील बॅच क्रमांक बिलावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. मुदतीत फक्त महिना व वर्ष दिलेले असल्यास ती त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत धरली जाते.

याच पट्टीवर लाल चौकटीतील इशारा दिसतो, कारण सेफिक्झिम ‘शेड्यूल एच-१’ मध्ये, म्हणजे विशेष नियंत्रणाच्या यादीत येते. अशा औषधाच्या विक्रीत डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा यांची स्वतंत्र नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. तरीही ‘जुनी चिठ्ठी अपलोड केली की झाले’ असे सर्रास सांगितले जाते, आणि ते साफ चूक आहे: चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख हवी, आणि पुन्हा औषध देण्याची स्पष्ट सूचना त्यांनी लिहिली नसेल, तर नियम ६५ नुसार तिच्यावर एकदाच औषध देता येते. फोनवरून सल्ला देणारे डॉक्टर वाटेल ते औषध लिहू शकतात, हाही भ्रमच आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अल्प्राझोलामसारखी मनोव्यापारावर परिणाम करणारी औषधे अशा सल्ल्यातून लिहिता येत नाहीत.

औषधांबरोबरच ॲपवर मिळणाऱ्या पूरक आहाराच्या डब्यावरील चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक हा अन्नव्यवसायाचा परवाना आहे, गुणकारितेचा दाखला नव्हे. तो foscos.fssai.gov.in येथे पडताळता येतो, आणि मधुमेह बरा करण्याचा दावा करणारा डबा तर परतच करावा.

बिल, पट्टी आणि पाकीट यांत विसंगती आढळली, तर गोळी तोंडात न घालता तिन्ही वस्तू जपून ठेवाव्यात आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.