दुकानाचा हिशेब, भाग ६ : ‘उशीर’ हाताने लिहायचा नसतो

ऑर्डरच्या शीटमधली ‘स्थिती’ तू हाताने भरू नकोस, एवढंच या आठवड्यात पटवून द्यायचं आहे. हाताने लिहिलेली स्थिती लिहिली त्या दिवसापुरती खरी असते. आज ‘बाकी’ लिहिलेला ब्लाउज परवा तारीख उलटून गेली तरी शीटमध्ये ‘बाकी’च राहतो, कारण तो शब्द बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि गुरुग्राममध्ये करवा चौथपासून लग्नसराईपर्यंत कामाचा रेटा असा असतो, की ध्यानात राहण्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आपण फक्त तारखा लिहायच्या. D मध्ये कबूल केलेली तारीख, E मध्ये काज-बटण, हुक, इस्त्री होऊन कपडा तयार झाला ती तारीख, F मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती दिला ती. स्थिती त्यातून G मध्ये आपोआप निघते :

```
=IF(D2="","",IF(F2<>"","दिले",IF(E2<>"","तयार",IF(TODAY()>D2,"उशीर","बाकी"))))
```

हे डावीकडून वाच. कबूल तारीखच नसेल तर गप्प बस, कपडा दिला असेल तर ‘दिले’, दिला नाही पण तयार असेल तर ‘तयार’, तयारही नसेल आणि आजची तारीख कबूल तारखेच्या पुढे गेली असेल तर ‘उशीर’, नाहीतर ‘बाकी’. पहिली अट काढलीस तर रिकाम्या ओळीही ‘उशीर’ दाखवतील, कारण रिकामा रकाना म्हणजे शीटच्या लेखी शून्य, आणि आजची कुठलीही तारीख शून्याहून मोठीच. किती दिवस उशीर, ते H मध्ये :

```
=IF(D2="","",MAX(0,IF(E2="",TODAY(),E2)-D2))
```

९ ऑक्टोबर २०२५ हा दिवस घे, म्हणजे करवा चौथच्या आदला दिवस. ८ तारखेला कबूल केलेला ब्लाउज तयार नाही : स्थिती ‘उशीर’, दिवस १, आणि उद्या २ होतील. ६ तारखेचा सलवार सूट ८ ला तयार झाला, पण कुणी न्यायला आलं नाही : स्थिती ‘तयार’, आणि दिवस २ वरच थांबलेले. २५ तारखेची शेरवानी ‘बाकी’. ‘तयार’ वेगळं ठेवण्याचं कारण इथे दिसतं. तो सूट कारागिराकडे अडलेला नाही, तिथे फक्त गिऱ्हाइकाला फोन करायचा आहे. ब्लाउजला मात्र आज मशीन आणि माणूस हवा. दोन्हींना ‘बाकी’ म्हटलं तर सकाळी काम वाटताना काहीच उपयोग नाही. म्हणूनच एका ओळीत एकच कपडा लिही. लेहंगा तयार आणि चोळी राहिलेली असेल, तर एका ओळीची स्थिती काय म्हणणार?

सूत्र बरोबर असूनही शीट चुकीचं दाखवते, आणि हा दोष बहुतेक वेळा तारखेत असतो. गूगल शीट्सची सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर ती महिना आधी धरते. मग 08/10/2025 म्हणजे तिला १० ऑगस्ट वाटतो, आणि ऑर्डर लिहिल्या क्षणी ‘उशीर’ उमटतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. 25/10/2025 ची चूक जास्त वाईट : पंचविसावा महिना नसल्यामुळे शीट ते साधा मजकूर समजते, आणि तुलनेत मजकूर आकड्यापेक्षा नेहमी मोठा धरला जातो. म्हणजे ती शेरवानी नोव्हेंबरात गेली तरी ‘बाकी’च राहील. ओळखायची खूण अशी, की खरी तारीख रकान्यात उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. शिवाय H मध्ये आकड्याऐवजी #VALUE! दिसतं. सेटिंग्जमध्ये देश भारत कर आणि आधीच्या तारखा पुन्हा टाइप कर, कारण उलट्या वाचल्या गेलेल्या तारखा आपोआप सुलट होत नाहीत.

पावतीबुकावर इतकी वर्षं दुकानं चालली, मग हे कशाला, असं कुणी म्हणेल. पावतीबुक मी काढून टाकायला सांगत नाही. माप आणि कापडाचा तुकडा तिथेच राहील. पण ते ऑर्डर आली त्या क्रमाने चालतं, आणि काम वाटायचं असतं ते कबूल तारखेच्या क्रमाने. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. अस्तर गिऱ्हाइकाने उशिरा आणलं, ट्रायलला गिऱ्हाईक आलंच नाही, तरी शीट ‘उशीर’ म्हणते, हा कारागिरावर अन्याय नाही का? आहे, कारण सूत्राला तारीख टळलेली कळते, कुणामुळे ते कळत नाही. पण त्यावर D मधली तारीख पुढे ढकलणं हा उपाय नव्हे. तसं केलंस तर उशीरही पुसला जाईल आणि कारणही. D तशीच ठेव आणि I मध्ये लिही : ‘अस्तर ७ ला आलं’. हंगाम संपल्यावर H मध्ये शून्याहून मोठा आकडा असलेल्या ओळी गाळून काढ आणि त्यांची कारणं वाच. बहुतेक ओळींत अस्तर आणि ट्रायल निघाली, तर पुढच्या वर्षी अस्तर हाती आल्याशिवाय तारीख कबूल करायची नाही. तुरपाई आणि हुक निघाले, तर त्या कामाला एक माणूस आणखी लागेल.