हौद किती मोठा, नळ किती जाड?

व्हिडिओ संपादनासाठी चौघांत मिळून एक सर्व्हर घ्यायचा ठरला, की पहिला प्रश्न येतो, ‘किती टीबीचा घ्यायचा?’ पण इथे प्रश्न दोन आहेत. हौदात पाणी किती मावतं हा एक, आणि नळातून दर सेकंदाला किती येतं हा दुसरा. हौद मोठा केला म्हणून नळ जाड होत नाही.

आधी नळाचं बघू. समजा, चौघे संपादक ‘फोर-के’ चित्रण, सेकंदाला २५ फ्रेम, प्रोरेझ ४२२ या स्वरूपात वापरतात. ॲपलच्या तक्त्यात याचा दर आहे सेकंदाला ४९२ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा: ६१.५ मेगाबाइट. मुलाखत दोन कॅमेऱ्यांवर घेतली असेल तर संपादकाला दोन्ही चित्रं एकदम हवीत, म्हणजे १२३. चौघांचे मिळून ४९२ मेगाबाइट. आकडा तोच आला, पण एकक बदललं! बिट आणि बाइट यांची गल्लत झाली, तर अंदाज आठ पटींनी चुकतो.

साधं एक गिगाबिटचं नेटवर्क प्रत्यक्षात जेमतेम ११० मेगाबाइट देतं. त्यातून एकाच संपादकाचं काम निघत नाही. म्हणून सर्व्हर ते स्विच १० गिगाबिट, आणि तिथून प्रत्येकाकडे निदान अडीच गिगाबिट हवं. हार्ड डिस्कचंही लक्षात ठेवा. एकच मोठी फाइल वाचताना ती वेगवान असते, पण आठ फाइली एकदम मागितल्या की तिचं वाचनमुख इकडून तिकडे धावत राहतं आणि वेग कोसळतो. म्हणून डिस्कसंचाचा जाहीर वेग गरजेच्या निदान दुप्पट असावा, असं मी धरतो.

आता हौद. तासाला सुमारे २२१ जीबी. ६० तासांच्या चित्रणाला १३.३ टीबी. रेंडर आणि तात्पुरत्या फाइलींसाठी आणखी चौथा हिस्सा धरला, तर साधारण १७. संच काठोकाठ भरला की मंदावतो, म्हणून पाचवा भाग रिकामा ठेवायचा: २१ टीबी. चार टीबीच्या आठ डिस्क रेड-६ मध्ये लावल्या, तर दोन डिस्क जितकी जागा संरक्षणाला जाते आणि २४ उरतात. हे संरक्षण डिस्क बिघडण्यापुरतं आहे. चुकून पुसलेली फाइल त्यातून परत येत नाही. तिची प्रत दुसरीकडेच हवी.

शेवटी परीक्षा. एक फाइल झरझर कॉपी झाली, एवढ्यावर समाधान मानू नका. चौघांनी एकाच वेळी आपापलं काम चालवून पाहावं. प्रत्येकाचं एकट्यानं नीट चालतं आणि एकत्र चालवलं की फ्रेम गळतात, तर दोष बहुधा डिस्कसंचात किंवा सर्व्हरच्या जोडणीत आहे. एकाचंच अडखळत असेल, तर तीच फाइल त्याच्या संगणकावर उतरवून चालवा. तिथेही अडखळली, तर सर्व्हर निर्दोष समजा!