पाचशेची वेस आणि व्हॉल्यूमची साक्ष

समजा, एक शेअर तीनदा ५०० रुपयांपर्यंत जाऊन माघारी फिरला. आज तो ५०८ वर बंद झाला. खरेदी करावी? आधी किमतीखालचे व्हॉल्यूमचे खांब पाहा. गेल्या वीस दिवसांची सरासरी २ लाख शेअर्स आणि आज ५ लाख झाले असतील, तर पाचशेला विकायला बसलेल्यांचा माल कुणीतरी खरोखर उचलला आहे. आज जेमतेम दीड लाखच असतील, तर मला शंका येते. असा भाव दोन दिवसांत पुन्हा ४९५ वर दिसू शकतो. मात्र सकाळी अकराच्या आकड्याची तुलना पूर्ण दिवसाच्या सरासरीशी करू नका. आणि प्रचंड व्हॉल्यूम होऊनही भाव ५२० वरून घसरून ५०१ वर बंद झाला, तर वर कुणीतरी माल ओतलाय.