फॉल-पिको : गिऱ्हाईक दारी येणारे काम

लहान गावात इंटरनेट क्षीण असेल आणि लॅपटॉपही नसेल, तर ज्याचे गिऱ्हाईक स्वतः दारी येते असे काम निवडावे. साडीचे फॉल-पिको हे त्यांपैकी एक होय. फॉल म्हणजे निऱ्यांना भार यावा व काठ झिजू नये म्हणून खालच्या काठाला आतून लावलेली सुती पट्टी आणि पिको म्हणजे साडीच्या मोकळ्या कडेवरची दाट शिवण. ही पट्टी आधी भिजवून वाळवली नाही, तर पहिल्या धुण्यातच ती आटून काठाला चुण्या पडतात, आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. समजा, यंत्र 12,000 रुपयांचे आहे आणि साडीमागे खर्च वजा जाता 50 रुपये उरतात, तर 240 साड्यांनंतर त्याची किंमत वसूल होते. मात्र लग्नसराई सरली की काम ओसरते.