बेरजेच्या ओळी काढण्यापूर्वी

छापील अहवालातला गटवार तक्ता माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेला असतो. शेतमालाचे नाव गटाच्या पहिल्या ओळीत एकदाच येते, खाली महिने आणि आवक, गट संपला की ‘एकूण’, आणि सगळ्यात शेवटी सर्व गटांची बेरीज. वाचणाऱ्याला रिकाम्या जागेचा अर्थ आपोआप कळतो. एक्सेलच्या पिव्होटला मात्र प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण लागते. वरची ओळ पाहून खालच्या ओळीचा अर्थ लावणे त्याला जमत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक छोटा तक्ता घेऊ. कांद्याची आवक एप्रिलमध्ये 4,200 क्विंटल, मेमध्ये 3,850, जूनमध्ये 2,950, एकूण 11,000. सोयाबीन त्याच क्रमाने 900, 760, 1,040, एकूण 2,700. तळाशी ‘सर्व एकूण’ 13,700. हा तक्ता जसाच्या तसा पिव्होटला दिला, तर एकूण आवक 41,100 दिसते. मूळ नोंदी, गटांच्या बेरजा आणि सर्वांची बेरीज असे तेच धान्य तीनदा मोजले गेलेले असते. शिवाय कांद्यासमोर फक्त एप्रिलचे 4,200 उरतात. मे-जूनच्या चारही ओळी मिळून 8,600 क्विंटल `(blank)` या निनावी गटात जाऊन बसतात.

म्हणून कामे दोन: बेरजेच्या ओळी काढायच्या आणि गटाचे नाव प्रत्येक ओळीत उतरवायचे. बहुतेक जण पहिल्या झटक्यात ‘एकूण’ शोधून त्या ओळी उडवतात. तक्ता आधीच संगणकावर तयार झालेला असेल तर ते चालून जाते. स्कॅनवरून वाचलेल्या तक्त्यात ही घाई महागात पडते, कारण संगणकाने आकडे नीट वाचले की नाही हे सांगणारा दुसरा साक्षीदार त्या तक्त्यात नसतो. छापणाऱ्याने केलेली बेरीज हीच काय ती पडताळणी. तेव्हा ओळीवर आधी फक्त खूण करायची, तिच्याकडून पडताळणी करून घ्यायची आणि मगच तिला निरोप द्यायचा.

मूळ शीट हात न लावता ठेवून तिच्या प्रतीवर काम सुरू होते. जोडलेले सेल सुटे करायचे आणि पहिल्या स्तंभात 1, 2, 3 असा क्रम टाकायचा, म्हणजे ओळी चुकून वरखाली झाल्या तरी मूळ क्रम परत मिळतो. मग B मध्ये शेतमाल, C मध्ये महिना, D मध्ये आवक. आवकेचा प्रत्येक आकडा खरोखर आकडा आहे का, हे `ISNUMBER` ने पाहून घ्यावे. स्वल्पविरामाशेजारी एक मोकळी जागा शिरली किंवा शून्याच्या जागी इंग्रजी O आला, की तो सेल मजकूर ठरतो आणि `SUM` त्याला मुकाट्याने वगळते. E मध्ये ओळीचा प्रकार लिहायचा:

```
=IF(ISNUMBER(SEARCH("पानाची",B2)),"पान",IF(ISNUMBER(SEARCH("एकूण",B2)),"बेरीज","नोंद"))
```

‘पानाची बेरीज’ वेगळी ओळखण्याला कारण आहे. ती गटाच्या मध्येच, पान संपते तिथे येते आणि तिचा गटाशी संबंध नसतो. नुसते ‘पान’ शोधले तर विड्याच्या पानांचा गटही त्यात सापडेल. स्कॅनमध्ये ‘एकूण’चे ‘एकुण’ झालेले असू शकते, म्हणून सूत्र लावल्यावर B स्तंभातल्या वेगवेगळ्या नावांची यादी फिल्टरमध्ये उघडून एकदा डोळ्याखालून घालावी. ‘सर्व एकूण’ची शेवटची ओळ हाताने ‘महाबेरीज’ करायची.

आता गटाचे नाव. F2 मध्ये पुढचे सूत्र लिहून ते तळापर्यंत ओढायचे:

```
=IF(AND(TRIM(B2)<>"",E2="नोंद"),TRIM(B2),F1)
```

अर्थ सोपा आहे: साध्या नोंदीत नाव असेल तर ते घे, नाहीतर वरचे. बेरजेच्या ओळीत B मध्ये ‘एकूण’ असले तरी प्रकार ‘नोंद’ नसल्यामुळे तिथेही ‘कांदा’च उतरतो. पानाची बेरीज गटाच्या मध्ये आली तरी तिच्याखालच्या ओळींना ‘पानाची बेरीज’ हे नाव चिकटत नाही. रिकामे सेल निवडून `Ctrl+Enter` ने भरण्याच्या प्रचलित पद्धतीत नेमकी हीच गफलत होते. पॉवर क्वेरीतले `Fill Down` फक्त `null` भरते, रिकाम्या मजकुराला हात लावत नाही. तिथे आधी रिकामा मजकूर `null` करून घ्यावा लागतो.

पडताळणी G मध्ये:

```
=IF(E2="बेरीज",SUMIFS(D:D,F:F,F2,E:E,"नोंद")-D2,"")
```

सगळीकडे शून्य आले तर उत्तम. शून्य आले नाही, तर फरकाचा आकडाच बहुधा चुकीकडे बोट दाखवतो. मेचे 3,850 स्कॅनने 3,350 वाचले असेल तर कांद्यासमोर -500 येईल. शतकाच्या जागी 8 चे 3 झाले, हे फारसे न शोधता कळते. सोयाबीनचे नावच वाचले गेले नसेल, तर त्याच्या ओळी कांद्यात मिसळतात. कांद्यासमोर 2,700 येते आणि हा नेमका खालच्या गटाच्या बेरजेचा आकडा असतो. फरक आणि पुढच्या गटाची बेरीज जुळली, की गटाचे शीर्षक हरवले असे समजावे.

याहून फसवा प्रकार मोठ्या गटांत दिसतो. छापताना नाव गटाच्या उभ्या मध्यावर बसवलेले असते आणि स्कॅनने ते मधल्या ओळीत टाकलेले असते. मग गटाच्या वरच्या ओळी आधीच्या गटात जातात आणि लागोपाठच्या बेरजा एकामागून एक बिघडतात. असे दिसले की सूत्रात काही शोधत बसू नये. स्कॅनचे चित्र उघडून नाव गटाच्या पहिल्या ओळीवर हलवावे.

या पडताळणीलाही मर्यादा आहेत. एकाच गटात एक आकडा 500 ने वाढला आणि दुसरा तितकाच घटला, तर फरक शून्यच येतो. तक्त्यात महिनावार बेरजाही छापल्या असतील तर त्यांच्याशी ताडून ही चूक सापडू शकते. बेरजेचाच आकडा चुकीचा वाचला जाणे किंवा मूळ छपाईतच बेरीज चुकलेली असणे हेही घडते. त्या वेळी नोंदी ओढूनताणून बेरजेशी जुळवू नयेत. चित्रात जे दिसते तेच ठेवून शेजारी शेरा लिहावा. दशांश पूर्णांकात आणून छापलेल्या तक्त्यात एक-दोनचा फरक राहणे साहजिक आहे.

फरक मिटल्यावर F स्तंभ कॉपी करून त्याच जागी `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवायचा. ही पायरी गाळली तर पुढची पायरी बिघडते. F चे प्रत्येक सूत्र वरच्या सेलवर टेकलेले असल्यामुळे गटाच्या मधली पानाच्या बेरजेची ओळ काढताच तिच्याखालच्या सेलमध्ये `#REF!` येतो आणि पुढच्या नावापर्यंत खाली पसरतो. मग फिल्टर लावून ‘बेरीज’, ‘पान’ आणि ‘महाबेरीज’ या ओळी दुसऱ्या शीटवर नेऊन ठेवायच्या आणि इथून काढायच्या. वरच्या उदाहरणात सहा ओळी उरतात. प्रत्येकीत गट, महिना आणि आवक. त्यांवर पिव्होट लावला की कांद्यासमोर 11,000, सोयाबीनसमोर 2,700, खाली 13,700, आणि `(blank)` कुठेच नसतो.