परातीएवढी डिश

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, खोडदच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ३० डिश उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तारेच्या जाळीमुळे दिसायला त्या हलक्या वाटतात, पण फिरणाऱ्या भागाचं वजन, तोल साधणाऱ्या प्रतिभारासकट, शंभर टनांच्या आसपास धरावं लागतं. हा सगळा डोलारा आडव्या दिशेने मिनिटाला जास्तीत जास्त ३० अंश फिरतो, आणि फिरवणाऱ्या मोटरी आकाराने अगदी मामुली असतात. हे जमतं ते मधल्या गिअरमुळे, एवढं सगळेच सांगतात. पण सर्व्हो यंत्रणेचं गणित मांडणाऱ्याला तेवढं पुरत नाही. मोटरला ही डिश नेमकी किती जड ‘वाटते’, हे त्याला आकड्यात हवं असतं.

मिनिटाला ३० अंश म्हणजे मिनिटाला एक बारांश फेरा. मोटर तेव्हा मिनिटाला १५०० फेरे घेते असं धरू. मग मोटरचे १८ हजार फेरे झाले की डिशचा एक फेरा होतो. हा झाला गिअर रेशो, N. पुढचं सगळं गणित याच धरलेल्या आकड्यावर चालेल.

डिशला गती द्यायला जेवढा टॉर्क लागतो, त्याचा १८ हजारावा हिस्साच मोटरला द्यावा लागतो. इथेच थांबून अनेक विद्यार्थी डिशच्या जडत्वाला, म्हणजे इनर्शियाला, N ने भागतात आणि चुकतात. डिशची गती थोडीशी वाढवायची तर मोटरची गती १८ हजार पटींनी वाढवावी लागते. इनर्शिया म्हणजे टॉर्क भागिले कोनीय त्वरण. मोटरच्या बाजूला टॉर्क N पटींनी घटला आणि त्वरण N पटींनी वाढलं, म्हणून इनर्शिया N च्या वर्गाने घटतो. पडताळा पाहायचा असेल तर गतिज ऊर्जा मोजावी. फिरत्या डिशमध्ये साठलेली ऊर्जा तेवढीच राहायला हवी, आणि मोटरचा वेग N पट असताना ती तेवढीच राहते ती वर्गाने भागलं तरच.

आता आकडे. शंभर टन वस्तुमान आसापासून सरासरी दहा मीटरवर आहे असा ढोबळ अंदाज केला, तर इनर्शिया १ कोटी किलोग्रॅम-मीटर वर्ग होतो. १८ हजारांचा वर्ग ३२ कोटी ४० लाख. भागाकार आला ०.०३१. एक किलो वजनाची, अर्धा मीटर व्यासाची सपाट तबकडी तिच्या मध्यातून फिरवली, तर तिचा इनर्शिया एवढाच असतो. मोटरच्या दृष्टीने खोडदची डिश म्हणजे स्वयंपाकघरातली परात आहे.

मग त्या परातीशेजारी काय बसलं आहे ते पाहायला हवं. मोटरच्या शाफ्टवर ब्रेकची दोन किलोची, दहा सेंटिमीटर त्रिज्येची चकती असेल तर तिचा इनर्शिया ०.०१. म्हणजे ओंजळीत मावणारी ही चकती मोटरला डिशच्या एक तृतीयांश जड वाटते. मोटरचा रोटर आणि गिअरपेटीतलं पहिलं चाक यांनाही कशानेच भागलं जात नाही. त्यापुढच्या प्रत्येक चाकाला फक्त मोटरपासून तिथवरच्या रेशोच्या वर्गाने भागायचं, पूर्ण N ने नव्हे. मोटरपासून दूर जाल तसतशा वस्तू मोठ्या होत जातात, पण हिशेबातली त्यांची किंमत त्याहून झपाट्याने उतरते.

घर्षणाला मात्र एकच नियम लागू होत नाही. वेगाबरोबर वाढणारं घर्षण, वंगणाच्या चिकटपणामुळे येतं तसं, इनर्शियाप्रमाणेच N च्या वर्गाने भागलं जातं. कोरड्या घर्षणाचा टॉर्क वेग कितीही असो जवळपास तेवढाच राहतो, आणि तो नुसत्या N ने भागला जातो.

```
J = Jm + JL/N²
b = bm + bL/N²
T = Tm + TL/N
```

इथे J इनर्शिया, b चिकट घर्षणाचा गुणांक आणि T कोरड्या घर्षणाचा टॉर्क. m हे अक्षर मोटरच्या बाजूसाठी, L डिशच्या बाजूसाठी. मधल्या चाकांचा वाटा यात वेगळा मिळवायचा.

हा फरक डिश आकाशातल्या स्रोताचा पाठलाग करते तेव्हा कळतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं. डिशलाही साधारण त्याच वेगाने फिरावं लागलं, तर मोटर मिनिटाला जेमतेम साडेबारा फेरे घेते. डिशच्या बाजूचं चिकट घर्षण पूर्ण वेगात मोटरला अर्धा न्यूटन-मीटर भासत असेल, तर या संथ चालीत ते हजारात चार भागांवर येतं, म्हणजे नसल्यासारखंच. कोरडं घर्षण मात्र तसूभरही कमी होत नाही. मोटरजवळच्या एखाद्या तेलसीलने एक न्यूटन-मीटर घर्षण धरलं, तर डिशच्या भल्यामोठ्या बेअरिंगवर १८ हजार न्यूटन-मीटर वाढल्यासारखंच ते आहे. मोटर मग अडते, टॉर्क साठवते, झटक्यात सुटते आणि पुन्हा अडते. मॉडेलमध्ये फक्त b लिहून कोरडं घर्षण गाळलं असेल, तर पडद्यावरचा आलेख गुळगुळीत येतो आणि प्रत्यक्षातली डिश गचके देत चालते.

हे दोन्ही आकडे मोजता येतात. वारा पडलेला असताना मोटर वेगवेगळ्या स्थिर वेगांनी, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने चालवायची आणि करंट नोंदवायचा. घर्षण दिशा बदलताच उलटतं, वाऱ्याचा रेटा उलटत नाही; म्हणून चिन्हासकट घेतलेल्या दोन नोंदींच्या फरकाचं अर्धं म्हणजे घर्षण. वेगाविरुद्ध आलेख काढला की त्याचा चढ चिकट घर्षण सांगतो आणि शून्य वेगाशी रेषा जिथे अक्षाला छेदते ती उंची कोरडं घर्षण. नंतर ठरावीक करंट एकदम देऊन त्वरण मोजलं, टॉर्कमधून घर्षण वजा केलं, की इनर्शियाही हाती येतो.

गिअरपेटीची कार्यक्षमता धरताना दिशेचं भान हवं. वाऱ्याचा १ लाख न्यूटन-मीटर टॉर्क N ने भागून मोटरकडे ५.६ न्यूटन-मीटर होतो. मोटर वाऱ्याविरुद्ध डिश ढकलत असेल आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर तिला सुमारे ७ द्यावे लागतात. वाराच डिशला ओढत असेल, तर रोखून धरायला साडेचारच पुरतात, कारण तेव्हा गिअरचं घर्षण मोटरच्या बाजूने उभं असतं.

या सगळ्या हिशेबाने एक गोष्ट गृहीत धरली आहे: दात दाताला कायम चिकटलेला आहे आणि मधलं काहीही पिळवटत नाही. शेवटच्या चाकाच्या दातांमधली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, डिशच्या अगदी जवळ असते, त्यामुळे ती कशानेच भागली जात नाही. डिशच्या एका कलेसाठी, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागासाठी, मोटरला ३०० अंश फिरावं लागतं. दातांत तेवढी फट असेल, तर मोटर जवळजवळ अख्खा फेरा घेते आणि डिश जागची हलत नाही. त्या क्षणी मोटरपुढे परातही नसते, फक्त तिचा स्वतःचा रोटर आणि शेजारची चाकं असतात. खोडदला प्रत्येक आसावर दोन मोटरी आहेत. पाठलाग चालू असताना त्या एकमेकींविरुद्ध थोडा ताण देत राहतात, म्हणजे दात दोन्ही बाजूंनी दाबलेले राहतात आणि फट उघडत नाही.