दहीभातावर पोसलेली मांजर

डहाणू-तलासरीच्या चिकूवाड्यांतील एखाद्या शाकाहारी घरी मांजरीपुढे दहीभात किंवा दुधात कुस्करलेली चपाती ठेवलेली असते आणि मांजर तर धष्टपुष्ट दिसते. तेव्हा हे अन्न तिला मानवते, असे घरच्यांना मनापासून वाटते. परंतु तिचा खरा शिधा त्या वाटीत नसतोच. वाडीतले उंदीर, पाली आणि टोळ ती रात्री मारून खाते, आणि कोळीवाडा जवळ असेल तर मासळीची टाकलेली आतडीही तिला मिळतात. तीच मांजर बंद सदनिकेत कोंडली आणि वाटी मात्र तीच राहिली, म्हणजे त्या अन्नातली उणीव उघडी पडते.

या उणिवेचे मुख्य नाव टॉरिन. माणसाचे यकृत हे द्रव्य इतर अमिनो आम्लांपासून काही प्रमाणात तयार करते. मांजरीच्या यकृतात ती शक्ती अत्यल्प असते, आणि तिच्या पित्ताला तर टॉरिनची गरज अखंड लागते. तांदूळ व गहू यांत ते जवळजवळ नसते आणि दुधादह्यात असते ते नाममात्र. दह्यात प्रथिने आहेत, हे कबूल. पण 1975 साली अमेरिकेतील के. सी. हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दुधातलेच प्रथिन असलेल्या केसीनवर ठेवलेल्या मांजरींच्या रक्तातील टॉरिन घटते आणि त्यांचे दृष्टिपटल झिजते. पुढे 1987 साली पॉल पायन प्रभृतींनी टॉरिनच्या अभावी मांजरीचे हृदय फुगून दुर्बल होते, आणि टॉरिन पुरवल्यास ते बऱ्याच अंशी सावरते, असे सिद्ध केले. डोळ्यांची झालेली हानी मात्र भरून येत नाही.

हा ऱ्हास महिनोन्‌महिने मुकाट्याने चालतो. भर उजेडातही बाहुल्या मोठ्या राहणे, संधिप्रकाशात खुर्चीला आदळणे, उडीचा अंदाज चुकणे, विश्रांतीतही श्वास जलद चालणे, ही लक्षणे दिसताच पशुवैद्याकडे जावे.

मासळी घरात चालत असेल, तर मांदेली किंवा बोंबील बिनमिठाचे शिजवून द्यावे. टॉरिन पाण्यात विरघळते, म्हणून उकळलेले पाणी ओतून न देता त्यासह वाढावे. खारवलेली सुकी मासळी मात्र टाळावी. नुसत्या मासळीनेही आहार पूर्ण होत नाही, म्हणून ती पूरक समजावी. ज्या घरी मासळी चालत नाही, तेथे मांजरांसाठीचे पूर्ण आहार म्हणून विकले जाणारे तयार खाद्य आणण्याची तजवीज करावी. कुत्र्यांचे खाद्य त्याऐवजी चालत नाही. बदल हळूहळू करावा, कारण नवे अन्न नाकारून काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजरीचे यकृत बिघडते.

आपला आहारधर्म आपण निवडला आहे. मांजरीचा तिच्या शरीराने ठरवला आहे. तो पुरवण्याची तयारी नसेल, तर तिला घरात कोंडून ठेवू नये.